एनसीबी ४५ टक्के, मग प्रीमियम तेवढा का उतरत नाही? कारच्या विमा नूतनीकरणाचा हिशेब

कारचा विमा संपत आला की कंपनीचा मेसेज येतो, ‘तुम्हाला ४५ टक्के नो क्लेम बोनस’. पुढे लिंक उघडून पाहावं तर रक्कम गेल्या वर्षीइतकीच, कधी कधी थोडी जास्तच. कंपनीने फसवलं असं वाटतं, पण बहुतेकदा तसं नसतं. नो क्लेम बोनस, म्हणजे रोजच्या बोलण्यातला एनसीबी, पूर्ण प्रीमियमवर मिळत नाही. तो बिलाच्या एकाच तुकड्यावर मिळतो आणि गाडी जुनी होत जाते तसा तो तुकडा लहान होत जातो. हा तुकडा कोणता ते कळलं की एजंटशी किंवा कॉल सेंटरशी नेमकं काय बोलायचं तेही कळतं.

एकच गाडी घेऊन पूर्ण हिशेब करू. नाशिकमध्ये नोंदणी झालेली (एमएच-१५), ११९७ सीसीची पेट्रोल हॅचबॅक. चार वर्षं पूर्ण झाली, एकदाही क्लेम घेतलेला नाही. याच मॉडेलची आजची एक्स-शोरूम किंमत ८ लाख रुपये धरू.

पहिली पायरी: आयडीव्ही ठरवा

जुनी पॉलिसी समोर ठेवा. त्यावर आयडीव्ही लिहिलेली असते. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर विमा कंपनी जास्तीत जास्त जी रक्कम देईल ती ही. ती एक्स-शोरूम किमतीतून वयानुसार घसारा वजा करून काढतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोनपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांनंतर कंपनी आणि गाडीमालक यांच्या संमतीने ठरते.

आपली गाडी पाचव्या वर्षात शिरली आहे, म्हणून ५० टक्के घसारा. आयडीव्ही ४ लाख.

वेबसाइटवर ही रक्कम थोडी खाली-वर सरकवता येते आणि प्रीमियम कमी दिसावा म्हणून बरेच जण ती खाली ओढतात. त्यातून किती वाचतं ते पूर्ण बिल मांडून झाल्यावर पाहू.

दुसरी पायरी: ओन डॅमेजचा आकडा काढा

आपल्या गाडीच्या नुकसानीसाठीचा भाग म्हणजे ओन डॅमेज. या भागाचे दर २००७ पासून कंपन्यांना मोकळे आहेत. तरीही अनेक कंपन्या जुन्या दरपत्रकावरूनच मूळ आकडा काढतात आणि त्यावर स्वतःची सूट देतात. त्या दरपत्रकात गाडीची नोंदणी कुठली आहे त्यावरून दोन झोन केले आहेत. महाराष्ट्रातली मुंबई आणि पुणे ‘ए’मध्ये, बाकी सगळी शहरं आणि गावं ‘बी’मध्ये. नाशिकची १००० ते १५०० सीसीची, पाच वर्षांच्या आतली कार असेल तर दर ३.१९१ टक्के. पुण्यात हाच दर ३.२८३ टक्के असतो.

४ लाखांवर ३.१९१ टक्के म्हणजे १२,७६४ रुपये. कंपनीने ५० टक्के सूट दिली असं धरू. उरले ६,३८२.

ही सूट नीट पाहून ठेवा. एनसीबी वाढूनही प्रीमियम उतरला नाही, असं होण्यामागे बहुधा हीच सूट असते. गेल्या वर्षी याच गाडीची आयडीव्ही ४ लाख ८० हजार होती आणि कंपनीने ६० टक्के सूट दिली होती असं समजा. मूळ आकडा १५,३१७, सुटीनंतर ६,१२७, त्यावर ३५ टक्के एनसीबी लावून ३,९८२. यंदा एनसीबी दहा अंकांनी वाढला, आयडीव्ही ८० हजारांनी उतरली, तरी ओन डॅमेज ३,५१० वर येतं. फरक जेमतेम पावणेपाचशेचा. एनसीबीने दिलेलं कंपनीने सूट कमी करून बरंचसं परत घेतलं. एनसीबी नियमाने मिळतो, ही सूट मात्र कंपनीच्या मर्जीवर असते. म्हणून घासाघीस करायची तर ती याच आकड्यावर करावी. दुसऱ्या कंपनीचं कोटेशन हातात असलं की एजंटही यावर लवकर बोलायला तयार होतो.

तिसरी पायरी: एनसीबी लावा

सलग विनाक्लेम वर्षांनुसार एनसीबी असा चढतो: एका वर्षाला २० टक्के, दोनला २५, तीनला ३५, चारला ४५, पाचला ५०. त्याच्या पुढे जात नाही. आपल्या गाडीला ४५ टक्के, म्हणजे ६,३८२ पैकी २,८७२ रुपये कमी. ओन डॅमेज उरलं ३,५१०.

एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेतली तर आधीच्या कंपनीकडून एनसीबीचं पत्र घेऊन तो नव्या गाडीला लावता येतो. हे पत्र तीन वर्षांपर्यंत चालतं. नव्या गाडीचा ओन डॅमेज प्रीमियम मोठा असतो, त्यामुळे तिथे हे पत्र भरपूर पैसे वाचवतं. शोरूममधल्या घाईत ते मागायचंच राहून जातं. उलट, सेकंडहँड गाडी घेतली तर आधीच्या मालकाचा एनसीबी आपल्याला मिळत नाही. पॉलिसी आपल्या नावावर करताना त्याचा फरक भरावा लागतो.

पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर साठलेला सगळा एनसीबी शून्यावर येतो. पण ९० दिवस म्हणजे सवलतीचे दिवस असं समजू नका. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून गाडी विम्याशिवायच रस्त्यावर असते. पकडली गेली तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि अपघात झाला तर सगळी भरपाई स्वतःच्या खिशातून. शिवाय खंड पडला की कंपनी आधी गाडीची तपासणी करते, ॲपवरून व्हिडिओ मागवते, आणि जुन्या पोच्यांची नोंद करूनच पॉलिसी देते.

चौथी पायरी: ॲड-ऑन एकेक करून जोडा

ॲड-ऑन, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेली जादा कव्हर, घेतले की प्रीमियम परत फुगतो. बहुतेक पॉलिसींत ॲड-ऑनची रक्कम वेगळ्या रकान्यात असते आणि तिच्यावर एनसीबी लागत नाही. त्यातले मोठे ॲड-ऑन आयडीव्हीच्या टक्क्यात मोजले जातात आणि गाडी जुनी होते तसा त्यांचा दर वाढत जातो. उदाहरणासाठी आपल्या गाडीचं कोटेशन असं धरू. ॲड-ऑनचे आणि अपघात कव्हरचे आकडे कंपनीगणिक बदलतात.

- ओन डॅमेज, एनसीबीनंतर: ३,५१०
- झिरो डेप: २,८००
- इंजिन प्रोटेक्ट: ७००
- कन्झ्युमेबल्स: ४००
- एनसीबी प्रोटेक्ट: ३५०
- रोडसाइड असिस्टन्स: १३०
- थर्ड पार्टी: ३,४१६
- मालक-चालकाचा अपघात विमा, १५ लाख: ३२५
- बेरीज: ११,६३१
- १८ टक्के जीएसटी: २,०९४
- एकूण: १३,७२५

ॲड-ऑनची बेरीज ४,३८० होते, म्हणजे एनसीबीनंतरच्या ओन डॅमेजपेक्षा जास्त. एनसीबी नसता तर जीएसटीआधीची बेरीज १४,५०३ झाली असती. त्यातले २,८७२ वाचले. म्हणजे कागदावरचे ४५ टक्के पूर्ण बिलावर सुमारे २० टक्केच भरतात.

थर्ड पार्टीचा ३,४१६ हा आकडा सरकारने ठरवलेला आहे. १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारला २०२२ च्या अधिसूचनेपासून हा दर आहे. १००० सीसीपर्यंत २,०९४ आणि १५०० च्या वर ७,८९७. यावर एनसीबी नाही, सूट नाही, घासाघीस नाही. नवी कार घेताना तीन वर्षांचं थर्ड पार्टी एकदमच घ्यावं लागतं, त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी फक्त ओन डॅमेजचं नूतनीकरण असतं. चौथ्या वर्षी थर्ड पार्टीची रक्कम अचानक बिलात येते आणि बरेच जण एजंटवर चिडतात. त्यात एजंटचा दोष नसतो.

अपघात विम्याचे ३२५ रुपये काहींना वाचवता येतात. तुमच्याकडे १५ लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा वैयक्तिक अपघात विमा आधीच असेल, किंवा दुसऱ्या गाडीच्या पॉलिसीत हे कव्हर घेतलं असेल, तर तसं लिहून देऊन इथे ते काढता येतं.

पाचवी पायरी: झिरो डेप ठेवायचं का?

साध्या पॉलिसीत क्लेमच्या वेळी सुट्या भागांवर घसारा कापतात, झिरो डेप घेतलं की तो कापत नाहीत. प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के, फायबरवर ३० टक्के, काचेवर काहीच नाही. धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार कापतात आणि पाचव्या वर्षात हा आकडा ३५ टक्के असतो. रंगकामात फक्त मालावर ५० टक्के. बिलात माल वेगळा दाखवला नसेल तर रंगकामाच्या एकूण रकमेचा २५ टक्के भाग माल म्हणून धरतात. मजुरीवर घसारा नाही.

आता गाडी समोरून धडकली असं समजा. बंपर ६,०००, हेडलाइट ८,०००, फेंडर ४,०००, रंग ८,०००, मजुरी ४,०००, मिळून ३०,०००. सोपं जावं म्हणून यावरचा जीएसटी सोडून देऊ. साध्या पॉलिसीत बंपरचे ३,००० मिळतील, हेडलाइटही प्लॅस्टिकचा म्हणून ४,०००, फेंडरचे २,६००, रंगाचे ७,००० आणि मजुरीचे पूर्ण ४,०००. बेरीज २०,६००. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या कारचं सक्तीचं डिडक्टिबल, म्हणजे दर क्लेमला मालकाने स्वतः सोसायची रक्कम, १,००० जातं. हातात १९,६०० पडतात आणि खिशातून १०,४०० जातात. झिरो डेप असतं तर खिशातून फक्त १,००० गेले असते. फरक ९,४०० चा, आणि झिरो डेपसाठी जीएसटीसकट भरले ३,३०४.

म्हणजे दर तीन वर्षांत असा एक अपघात झाला तर ॲड-ऑनचा खर्च जवळपास फिटतो. शहरातल्या गर्दीत रोज चालणाऱ्या गाडीला, नवशिक्या चालकाला किंवा रस्त्यावर पार्क होणाऱ्या गाडीला ते ठेवावं असं आमचं मत आहे. सोसायटीत झाकून ठेवलेल्या आणि रविवारीच निघणाऱ्या सात वर्षांच्या गाडीला नको, आणि तिला बऱ्याच कंपन्या देतही नाहीत. घेण्याआधी वर्षातून किती क्लेमना झिरो डेप चालतं ते विचारा. बऱ्याच पॉलिसींत दोनदाच, काहींत एकदाच चालतं. एकदा सोडलं तर पुढच्या वर्षी परत घेताना कंपनी तपासणी मागू शकते, हेही ध्यानात असू द्या.

इंजिन प्रोटेक्टचा निर्णय गाडी कुठे उभी राहते त्यावर घ्या. गाडी पुराच्या पाण्यात बुडली तर सीट, वायरिंग, साफसफाई यांचा खर्च साध्या पॉलिसीत येतो. पण पाणी इंजिनात शिरल्यावर स्टार्टर मारला आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर कंपनी ते नंतर ओढवलेलं नुकसान ठरवून नाकारते. हे ॲड-ऑन त्यासाठीच आहे. सांगली-कोल्हापूरचा नदीकाठ, मुंबईचे सखल भाग, तळघरातलं पार्किंग, इथे ७०० रुपये वाया गेले असं म्हणता येणार नाही. ॲड-ऑन असलं तरी पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून पाहू नका. ती टो करूनच वर्कशॉपला न्या. सर्व्हेअर पहिला प्रश्न हाच विचारतो.

कन्झ्युमेबल्समध्ये ऑइल, कूलंट, नट-बोल्ट असा किरकोळ माल येतो. झिरो डेप घेतलं असेल तर सोबत घ्यावं, एकटं घेण्यात अर्थ नाही. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर आयडीव्हीऐवजी खरेदीच्या बिलाची रक्कम देणारं रिटर्न टू इन्व्हॉइस साधारण पहिल्या तीन वर्षांतच मिळतं, त्यामुळे आपल्या उदाहरणात त्याचा प्रश्न येत नाही. रोडसाइड असिस्टन्स घेण्याआधी गाडीच्या कंपनीकडून तीच सेवा अजून चालू आहे का ते बघा. बऱ्याच जणांकडे ती दोनदा असते.

सहावी पायरी: क्लेम कधी घेऊ नये, हे आधीच ठरवा

हा आकडा पॉलिसी घेतानाच काढून ठेवावा. गाडी ठोकल्यावर, वर्कशॉपचा माणूस ‘साहेब, क्लेममध्ये बसवून देतो’ म्हणत असताना शांतपणे हिशेब होत नाही.

यंदा क्लेम घेतला नाही तर पुढच्या वर्षीपासून एनसीबी ५० टक्के, आणि तो तसाच टिकतो. क्लेम घेतला तर पुढची पाच वर्षं अनुक्रमे ०, २०, २५, ३५ आणि ४५ टक्के. दोन्हींतला फरक ५०, ३०, २५, १५ आणि ५. बेरीज १२५. म्हणजे एका क्लेमची किंमत एका वर्षाच्या, एनसीबीआधीच्या ओन डॅमेजच्या सव्वापट. आपल्या गाडीसाठी तो आकडा ६,००० धरला तर ७,५००, जीएसटीसकट ८,८५०. बहुतेक लोक फक्त पुढच्या एका वर्षाचं नुकसान मोजतात आणि ते तीन-साडेतीन हजारच भरतं, म्हणून छोटे क्लेमही फायद्याचे वाटतात.

दार खरचटलं, बिल ७,०००. डिडक्टिबल जाऊन कंपनी जास्तीत जास्त ६,००० देईल आणि जातील ८,८५०. हा क्लेम घेऊ नये. वरचा ३०,००० चा अपघात मात्र बिनधास्त क्लेममध्ये घ्यावा. मधल्या, म्हणजे १० ते १२ हजारांच्या बिलाला थोडं थांबून विचार करा: येत्या चार-पाच वर्षांत दुसरा मोठा क्लेम होण्याची शक्यता असेल तर एनसीबी तसाही टिकणार नाही, मग आत्ताच घेतलेला बरा.

रोडसाइड असिस्टन्सची गाडी बोलावली म्हणून एनसीबी जात नाही. केवळ थर्ड पार्टीचा दावा झाला, स्वतःच्या गाडीसाठी काही घेतलं नाही, तरीही जात नाही. एनसीबी ओन डॅमेजच्या क्लेमशीच बांधलेला आहे.

आता एनसीबी प्रोटेक्टचा विचार करता येतो. जीएसटीसकट ४१३ रुपयांत सुमारे ८,८५० रुपयांचं नुकसान टळतं. एकवीस वर्षांतून एकदा जरी क्लेम होणार असेल तरी कागदावर ते परवडतं. पण अटी वाचा. वर्षात बहुधा एकाच, काही ठिकाणी दोन क्लेमना ते लागू असतं, आणि बहुतेकदा त्याच कंपनीत नूतनीकरण केलं तरच. दुसऱ्या कंपनीत गेलात तर तिथल्या अर्जात क्लेमचा उल्लेख करावाच लागतो आणि ती कंपनी तुमचा राखलेला एनसीबी मानेलच असं नाही. त्यातही तीच जुनी कंपनी एनसीबी राखून दुसरी सूट ६० वरून ३० वर आणू शकते, आणि ते थांबवणारं कलम या ॲड-ऑनमध्ये नसतं.

सातवी पायरी: कोटेशन जुळवून पाहा, मग पैसे भरा

दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवताना तीन गोष्टी सारख्या करा: आयडीव्ही, ॲड-ऑन आणि अपघात विमा. स्वस्त दिसणाऱ्या कोटेशनमध्ये यातली एखादी गोष्ट बहुधा हळूच कमी केलेली असते.

आयडीव्ही खाली ओढण्याचा हिशेब आता करता येईल. ती ४ लाखांवरून ३ लाख ६० हजार केली तर ओन डॅमेजमध्ये ३५१ आणि टक्केवारीवर चालणाऱ्या तीन ॲड-ऑनमध्ये ३९० वाचतात. जीएसटी धरून ८७४. त्याबदल्यात गाडी चोरीला गेल्यास ४०,००० कमी मिळतात. शिवाय दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण निकामी धरतात, म्हणजे आयडीव्ही उतरवली की ती रेषाही खाली येते. हा सौदा परवडणारा नाही.

कंपनी बदलताना ऑनलाइन फॉर्म विचारतो, ‘गेल्या पॉलिसीत क्लेम घेतला होता का?’ इथे ‘नाही’ ठोकलं की स्क्रीनवरचा आकडा झटकन उतरतो, आणि काही एजंट तेच करतात. नवी कंपनी जुनीकडून खातरजमा करून घेते. खोटं निघालं तर ओन डॅमेजचे लाभ जप्त करण्याचं कलम त्या फॉर्ममध्येच असतं. हे बहुधा मोठा क्लेम दाखल केल्यावर कळतं. गाडीला सीएनजी किट नंतर बसवलं असेल तर तेही याच वेळी सांगा. किटच्या किमतीवर थोडा जादा प्रीमियम लागतो, पण न सांगितलेलं किट क्लेमच्या वेळी महागात पडतं.

पैसे भरल्यावर पॉलिसीची पीडीएफ आली की तीन रकाने तपासा: एनसीबीचा टक्का, ॲड-ऑनची यादी, आणि इंजिन व चासी क्रमांक आरसीशी जुळतात का ते. एजंटने तोंडी सांगितलेलं झिरो डेप यादीत नसेल तर ते नाहीच असं समजा. एनसीबी हक्कापेक्षा जास्त लागला असेल तर गप्प बसू नका. कंपनीला ईमेल करून फरक भरा आणि दुरुस्तीचं एंडोर्समेंट मागून घ्या. हे क्लेम येण्याआधी केलं तर काम काही शे किंवा हजारभर रुपयांत भागतं.